मदत हवी आहे: घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरला खेळाडूमागे किती अपलोड धरावा?

रात्रपाळी:
जुन्या पीसीवर लिनक्स टाकून माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर घरून चालवतोय. लाइनचा अपलोड ८ एमबीपीएस. आत्ता चौघं खेळतो, पुढे १६ जण घ्यायचे आहेत. चौघंही एकाच जागी बांधकाम करत असताना बाहेर जाणारा डेटा सरासरी ४८० केबीपीएस दिसतो, म्हणजे माणशी १२०. त्या हिशोबाने १६ जणांना २ एमबीपीएससुद्धा लागत नाहीत. मग नवीन कोणी आत शिरलं की बाकीचे चार पावलं मागे का फेकले जातात? यात काय सुटतंय?

डबाबंद:
माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, २० जण आरामात खेळतात. प्लॅन वाढव.

रात्रपाळी:
१०० हा डाउनलोड असेल ना? मी अपलोडचं विचारतोय.

कोपऱ्यातला:
माणशी १०० केबीपीएस धरायचे आणि वर थोडी सूट ठेवायची, सगळे हेच करतात. तुझे आकडे ठीक आहेत. पीसीच दमत असेल.

तारजोड:
१०० चा ठोकताळा दोन-चार जणांपुरता चालतो, पुढे फसतो. सर्व्हर प्रत्येकाला त्याच्या आसपासच्या इतरांच्या हालचालीही पाठवतो. त्यामुळे माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटाही वाढतो. दोघंच असताना किती दिसतं?

रात्रपाळी:
आत्ताच पाहिलं. दोघं शेजारी असताना एकूण १८०, म्हणजे माणशी ९०.

तारजोड:
मग उत्तर तुझ्याच आकड्यांत आहे. दोघांत प्रत्येकाला दुसरा एकच दिसतो, चौघांत तीन. दोन जण जास्त दिसले तर माणशी ३० वाढले, म्हणजे दिसणाऱ्या प्रत्येक खेळाडूमागे १५. कोणीच शेजारी नसेल तर उरतात ७५. सोळा जण एकत्र जमले तर प्रत्येकाला १५ जण दिसणार: ७५ अधिक २२५, माणशी ३००. सोळांचे झाले ४.८ एमबीपीएस. तुझ्या अंदाजाच्या अडीच पट.

ही वाईटातली वाईट स्थिती झाली. पांगून खेळलात तर एकूण १.२ च्या जवळपास राहाल. `server.properties` मधलं `entity-broadcast-range-percentage` कमी केलंस तर लांबचे दिसणं थांबतं आणि तेवढा भार हलका होतो.

पण तुझी आत्ताची तक्रार सरासरीची नाहीच. नवीन माणूस आला की त्याच्याभोवतीचे चंक एकदम पाठवावे लागतात. `view-distance` १० असेल तर २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक. ते सगळे मिळून ५ एमबी भरले असं धर. ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट, ८ च्या लाइनवर पाच सेकंद नळ पूर्ण भरलेला. तेवढा वेळ बाकीच्यांच्या हालचाली राउटरच्या रांगेत अडकतात. मिनिटाच्या सरासरीत हे जिरून जातं.

खात्री करायची तर कोणी आत येत असताना सर्व्हरवर हे चालू ठेव:

```
ping 1.1.1.1
```

पिंग उसळला तर दोष रांगेचा. तो शांत राहिला आणि `/tick query` मध्ये टिकचा वेळ ५० मिलिसेकंदांच्या वर गेला, तर कोपऱ्यातला म्हणतोय तसा पीसी दमतोय.

गोळीबंद:
मी जुन्या सोर्स इंजिनचा नेमबाजीचा सर्व्हर चालवतो. तिथे सरळ `sv_maxrate 30000` लावून माणशी वरची मर्यादा ठरवतो. इथे तसं काही नाही का?

तारजोड:
माइनक्राफ्टच्या मूळ सर्व्हरमध्ये माणशी अशी मर्यादा नाही. आणि तुझे ते ३०००० बाइट आहेत, म्हणजे माणशी २४० केबीपीएस. बिट समजून हिशोब केलास तर आठ पट कमी धरशील.

रात्रपाळी:
पाहिलं. एरवी पिंग २० च्या आत, कोणी आत आलं की ४०० च्या वर. टिकचा वेळ १५ च्या पुढे जात नाही. आता `view-distance` कमी करू का?

तारजोड:
६ केलंस तर ४४१ चे १६९ चंक होतील. त्याशिवाय सर्व्हरवर हे लाव, `eth0` च्या जागी तुझ्या इंटरफेसचं नाव:

```
sudo tc qdisc replace dev eth0 root cake bandwidth 7mbit
```

८ पेक्षा थोडं खाली ठेवलं की रांग राउटरऐवजी तुझ्या पीसीवर लागते, आणि केक प्रत्येक जोडणीला आळीपाळीने वाट देतो. नवीन येणाऱ्याला जग जरा सावकाश उघडेल, बाकीच्यांना धक्का बसणार नाही. मात्र हे फक्त त्या पीसीतून निघणाऱ्या डेटाला लागू. घरातल्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला तर रांग पुन्हा राउटरवरच.

रात्रपाळी:
केक लावून पाहिला, दोघं एकापाठोपाठ आत आले तरी पिंग ३५ च्या वर गेला नाही. पण ६ वर डोंगरच दिसेनात, पोरं ओरडतायत. ८ वर ठेवतो. एक राहिलं: आमच्याकडे शंभरेक कोंबड्यांचं फार्म आहे, तेही प्रत्येकाला पाठवलं जातं का?

तारजोड:
टप्प्यात असेल त्या प्रत्येकाला. तुझे ७५ आणि १५ फार्मजवळचे होते की लांबचे?

रात्रपाळी:
लांबचे. रविवारी सगळ्यांना कोंबड्यांपाशी उभं करून मोजतो.