मदत हवी आहे: एका गिऱ्हाइकाची रेट लिस्ट दुसऱ्याला गेली, माफीची मेल कशी लिहू?

खोकेवाली_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरीत कोरुगेटेड बॉक्सच्या एका लहान कंपनीत मी सेल्स कोऑर्डिनेशन बघते. आज सकाळी पावणेबाराला घोळ घातला. दोन गिऱ्हाइकांच्या परचेसवाल्यांचं पहिलं नाव एकच आहे. आउटलुकमध्ये तीन अक्षरं टाइप केली, खाली नाव आलं, एंटर मारलं. 'अ' कंपनीची नवीन रेट लिस्ट 'ब' कंपनीला गेली. सव्वाबाराला 'अ'चा फोन आला, "मॅडम, लिस्ट पाठवताय ना?" तेव्हा कळलं.

एक्सेल फाइल आहे, चौदा आयटम, वर 'अ'चं नाव ठळक अक्षरात. त्यातला पाच प्लायचा एक बॉक्स दोघांनाही त्याच मापाचा जातो. 'अ'ला 22.40, 'ब'ला 24.90. 'अ'बरोबर एनडीए, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचा करार आहे. मालक म्हणतात गप्प बस, बघितलंही नसेल त्यांनी. मी असं लिहिलंय:

"आदरणीय सर, आज आपल्याला चुकून 'अ' कंपनीची अत्यंत गोपनीय दरसूची पाठवली गेली आहे. ती आपण पाहू नये व तत्काळ डिलीट करावी, अन्यथा कायदेशीर कारवाई होऊ शकते. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

पाठवू का?

नेटका_माणूस
आउटलुकमध्ये रिकॉल असतं की. सेंट आयटममधून मेल उघडा आणि परत बोलवा, माफीबिफीची गरजच नाही.

सर्व्हरवाला
रिकॉल चालतं ते एकाच कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये. बाहेरच्या माणसाकडे मेल पोचली की पोचली. उलट त्याला "अमुक व्यक्ती ही मेल परत घेऊ इच्छिते" अशी चिठ्ठी जाऊ शकते, म्हणजे न उघडलेली मेलही तो आधी उघडेल. जीमेलचं 'अनडू'सुद्धा जास्तीत जास्त 30 सेकंदांचं. ताई, फाइल जोडून पाठवली होती की ड्राइव्हची लिंक? लिंक असेल तर आत्ता परवानगी काढून घ्या.

खोकेवाली_भोसरी
फाइलच जोडली होती. नशीब बघा.

सांगलीचा_रवी
माझं असंच झालं होतं, पण व्हॉट्सॲपवर. हळदीचे भाव एका व्यापाऱ्याचे दुसऱ्याला गेले. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं, पण तिथे "हा मेसेज डिलीट केला" असं राहतंच. त्याने लगेच फोन केला, "काय लपवताय?" शेवटी त्यालाही तोच भाव द्यावा लागला. तुम्हीही 'ब'ला 22.40 देऊन टाका, मिटेल.

परचेसमधला_जुना
रवीभाऊ, तसं केलं तर चुकीची किंमत दर महिन्याला मोजावी लागेल.

ताई, मी बावीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय, अशा मेल दोनदा आल्या आहेत मला. तुमच्या मसुद्यात तीन गोष्टी खटकल्या. एक, 'अ'चं नाव पुन्हा लिहिलंत. त्याने वरची ओळ वाचली नसेल तर आता नक्की वाचेल. दोन, "अत्यंत गोपनीय" म्हटलं की माणूस फाइल उघडणारच, मीही उघडली होती. तीन, कायदेशीर कारवाई. चूक तुमची आणि धमकी त्याला? त्याने तुमच्याशी काय करार केलाय?

आधी फोन करा. मेलच्या आधी. फोनवर दोन वाक्यं: आज 11.45ची मेल आमच्या चुकीने आली, जोडलेली फाइल तुमच्यासाठी नव्हती, कृपया उघडू नका, मी लगेच लेखी पाठवते. मग नवीन मेल, जुन्यावर फॉरवर्ड नको. फॉरवर्डमध्ये तीच फाइल पुन्हा जाते, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. मजकूर साधारण असा:

"आज सकाळी 11.45 वाजता माझ्याकडून आपल्याला एक मेल चुकून पाठवली गेली. त्यातली फाइल आपल्यासाठी नव्हती. ही चूक पूर्णपणे माझी आहे आणि त्याबद्दल मी माफी मागते. कृपया ती मेल इनबॉक्स व ट्रॅशमधून, आणि फाइल डाउनलोड झाली असल्यास संगणक व फोनमधून काढून टाकावी. ती पुढे कोणाला पाठवली गेली असल्यास मला कळवावे, म्हणजे त्यांनाही हीच विनंती करता येईल. काढून टाकल्यावर याच मेलवर एक ओळ लिहावी."

"सर्व प्रती नष्ट केल्या" असं लिहून मागू नका. त्यांच्या सर्व्हरच्या बॅकअपमध्ये प्रत राहते, त्यावर परचेसवाल्याचा हात नसतो. खोटं लिहून देण्यापेक्षा तो उत्तरच देणार नाही.

कायदा_कट्टा
2023चा डेटा संरक्षण कायदा आहे ना, त्याखाली हा भंगच झाला. कळवणं सक्तीचं आहे.

सर्व्हरवाला
तो कायदा माणसांच्या वैयक्तिक माहितीचा आहे. खोक्याचा दर ही व्यक्ती नव्हे. लिस्टमध्ये कोणाचं नाव-मोबाइल असेल तर तेवढ्यापुरता प्रश्न येईल. इथे खरं बंधन 'अ'बरोबरच्या एनडीएचं आहे, ते उघडून वाचा.

कायदा_कट्टा
बरोबर, त्या अंगाने चुकलो. पण एनडीएत कळवण्याचं कलम बघाच, बहुतेक करारांत असतं.

खोकेवाली_भोसरी
फोन केला. त्यांनी फाइल उघडली होती, आणि स्टोअरवाल्याला पाठवलीही होती, "हे माप आपलंच ना" विचारायला. स्टोअरवाल्याला ती व्हॉट्सॲपवर गेलीये. दोघांकडून काढतो म्हणाले. मेल तुम्ही सांगितली तशी गेली, संध्याकाळी उत्तर आलं: "डिलीटेड." एकच शब्द.

पण फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ते 24.90चं काय मॅडम?" मी सांगणार होते की 'अ' महिन्याला चाळीस हजार बॉक्स घेतात, तीस दिवसांत पैसे देतात आणि गाडीही त्यांचीच असते. शब्द तोंडावर आले होते, गिळले.

परचेसमधला_जुना
गिळलेत ते फार बरं केलंत. तेही 'अ'चंच गुपित आहे, दराइतकंच. 'अ'च्या अटी सांगून दर समजावला तर फाइल दुसऱ्यांदा फुटली. फक्त 'ब'च्या अटींवर बोला: तुमचे महिन्याला किती बॉक्स, उधारी किती दिवसांची, पोच कोणाच्या गाडीने. यातलं तुम्ही काय बदलू शकता सांगा, त्याप्रमाणे नवीन दर काढतो. आणि हे आज नको, तीन-चार दिवसांनी. माफीच्या फोनवर भाव ठरला तर तो माफीचा भाव होतो.

खोकेवाली_भोसरी
'ब'चे सहा हजार बॉक्स, पंचाहत्तर दिवसांची उधारी, पोच आमची. मुद्दे आहेत म्हणजे.

'अ'चं मात्र अडलंय. एनडीएत "लेखी व विनाविलंब कळवावे" असंच कलम निघालं. मालकांना दाखवलं. वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "सांगितलं तर ऑर्डर जाईल."

सांगलीचा_रवी
मी तर सांगणार नाही. 'ब' कशाला सांगेल 'अ'ला?

परचेसमधला_जुना
त्याच औद्योगिक वसाहतीत परचेसवाले एकमेकांच्या ओळखीचे असतात रवीभाऊ. 'अ'ला 'ब'कडून कळलं तर ऑर्डर आणि विश्वास दोन्ही जातील. तरी मालकाचा धंदा आहे, निर्णय त्याचा. ताई, तुम्ही मात्र मालकांना हे मेलवर लिहून ठेवा.

सर्व्हरवाला
तोवर आउटलुकमध्ये त्या नावापुढची फुली दाबून सूचनेतून काढून टाका, आणि बाहेर जाणारी मेल दोन मिनिटं उशिरा जाईल असा नियम लावा. आमच्याकडे सगळ्या सेल्सवाल्यांना लावलाय. पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या.

खोकेवाली_भोसरी
फुली दाबली. नियम लावला. मालकांना मेल लिहिली, दोन मिनिटं थांबून गेली. 'अ'ला उद्या सकाळी दहाला फोन करायचा की नाही, ते रात्री सांगतो म्हणालेत.