मदत हवी आहे: स्कर्टिंगची बेरीज 15.03 मीटर की 16.20?

सायलीपी
हॉलला लाकडी स्कर्टिंग बसवून घेतोय. मजुरी रनिंग मीटरवर ठरली आहे. मापं घेताना मी शेजारी होते, म्हणून माझ्या वहीत ती अशी आहेत: 4 मी 25 सेमी, 3 मी 5 सेमी, 4 मी 8 सेमी, 2 मी 70 सेमी आणि खांबाजवळचा तुकडा 95 सेमी. कंत्राटदाराच्या कागदावर एकूण 16.20 मीटर लिहिलंय. माझी बेरीज तेवढी येत नाही. मीटर वेगळे, सेंटीमीटर वेगळे असं केलं तर 13 मीटर आणि 203 सेंटीमीटर झाले. पुढे काय करायचं? आणि 16.20 आलं कुठून?

दादरकर
वेस्टेज धरलं असेल हो. सगळेच धरतात.

ड्रॉइंगवाला
ताई, तुमची पद्धत बरोबर आहे, फक्त हातचा राहिला. 203 सेंमी म्हणजे 2 मीटर 3 सेंमी, एकूण 15 मीटर 3 सेंमी. पण पाच-सहा मापं असली की मी आधी सगळ्यांचे सेंटीमीटर करतो, म्हणजे हातच्याची भानगडच येत नाही: 425, 305, 408, 270, 95. बेरीज 1503. मीटर करायचे ते शेवटी एकदाच, 100 ने भागून: 15.03. इथे 15.3 लिहिलंत तर फुकट 27 सेंटीमीटर वाढतील.

आमच्या फर्निचरच्या ड्रॉइंगमध्ये सगळं मिलिमीटरमध्येच असतं, ते याचसाठी. 3050 लिहिलं की टिंबच नाही, त्यामुळे वादही नाही.

मनोज_नाशिक
एवढं कशाला? मीटरमध्येच दशांशात लिहा आणि एक्सेलमध्ये सेलला दोन दशांश स्थळांचा फॉरमॅट द्या. मग चूक होणार नाही.

ड्रॉइंगवाला
मनोजराव, दशांशात लिहायला हरकत नाही. पण 3 मी 5 सेंमीला कोणी 3.5 टाइप केलं, तर तुमचा फॉरमॅट त्याचं 3.50 करून दाखवेल. म्हणजे चूक उलट नीटनेटकी दिसेल. 3 रुपये 5 पैसे आपण 3.05 लिहितो ना, तसंच हे. एक्सेलच हवं असेल तर मीटर A रकान्यात, सेंटीमीटर B मध्ये आणि:

```
=SUM(A2:A6)*100+SUM(B2:B6)
```

उत्तर सेंटीमीटरमध्ये मिळेल.

आता 16.20 चं कोडं. 3 मी 5 ला 3.5 आणि 4 मी 8 ला 4.8 धरून बघा: 4.25 + 3.5 + 4.8 + 2.70 + 0.95 = 16.20. तंतोतंत. कागदाकडे न बघताही संशय घेता येतो. 5 सेंमीचे 50 झाले की 45 वाढतात, 8 चे 80 झाले की 72. दर वेळी मूळ आकड्याच्या नऊपट. म्हणून दोन बेरजांमधल्या फरकाला 9 ने नि:शेष भाग जातो का ते बघायचं. इथे फरक 117, म्हणजे 9 गुणिले 13, आणि 5 अधिक 8 तेराच. पुरावा नव्हे हा, पण कुठे शोधायचं ते कळतं.

माईआजी
माझ्या पडद्याच्या रॉडचं पण सांगा बाई. 5.11 फूट आणि 4.6 फूट. सुनेने 9.17 केलं. म्हणजे 9 फूट 17 इंच?

ड्रॉइंगवाला
आजी, तुमचे ते टिंबानंतरचे इंच असतील तर 12 इंचाला फूट, 100 ला नाही. 71 अधिक 54, म्हणजे 125 इंच. 10 फूट 5 इंच.

दादरकर
तरी पट्ट्या किती आणायच्या ते राहिलंच. मजुरी गेली खड्ड्यात, माल महाग असतो.

सायलीपी
दुकानात 2 मीटर 40 सेमीची पट्टी आहे. 1503 भागिले 240 म्हणजे सहाच्या वर, म्हणून 7. पण 1620 धरले तरी 7 च येतात! मग मालात फरकच नाही?

ड्रॉइंगवाला
इथे फरक नाही, पण तो योगायोग. नुसत्या भागाकारावर जाऊ नका, तुकडे लावून बघा. चार मोठ्या भिंतींना एकेक अख्खी पट्टी गेली की उरतात 185, 65, 168 आणि 30, शिवाय खांबाचे 95. 185 आणि 30 एका पट्टीतून, 168 आणि 65 दुसरीतून, 95 तिसरीतून. सातच. मात्र 168 आणि 65 मिळून 233 होतात, तिथे हाताशी जेमतेम 7 सेंमी आहेत. कापणारा बेफिकीर असेल तर आठवी घेऊन ठेवा. खांबाचा कोपरा बाहेर आलेला आहे का? तिथे पट्टीच्या जाडीइतकं जास्त लागतं, ते या बेरजेत नाही.

सायलीपी
हो, बाहेरचाच आहे. कंत्राटदाराला विचारलं, तो म्हणतो "वेस्टेज धरूनच 16.20". कागदावर मात्र 3.5 आणि 4.8 स्पष्ट लिहिलेत.

दादरकर
मी म्हटलं होतं ना, वेस्टेज!

मनोज_नाशिक
वेस्टेज मालावर असतं, मजुरीवर कसलं? त्याच्यासमोर त्या दोन भिंती टेपने पुन्हा मोजा.