एकच 'मंडई', दोन गट: रविवारच्या वर्गासाठी सल्ला हवा

प्रेषक: स्नेहा

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या पातळीच्या वर्गात माझ्याकडे 13 मुलं आहेत. सध्या आपण मराठी मंडळासाठी लिहिलेला 'मंडई' हा आजीच्या भाजीखरेदीचा वीस ओळींचा धडा चालू आहे. पाच मुलं अजून अक्षराला अक्षर लावत वाचतात. चौघं भराभर वाचतात, त्यातल्या बहुतेकांच्या घरी मराठीच बोलतात. त्यांचा धडा तीन मिनिटांत संपतो आणि मग वहीच्या मागच्या पानावर चित्रं सुरू होतात.

गेल्या रविवारी मागच्या पाचांना पहिल्या पातळीची चेंडूची गोष्ट दिली. त्यातल्या दहा वर्षांच्या मुलानं पान मिटलं आणि म्हणाला, "हे माझ्या बहिणीचं आहे." बहीण सहा वर्षांची. मला फार वाईट वाटलं. पुढच्या चौघांना दहा जास्तीचे प्रश्न दिले होते, तेही बारा मिनिटांत उरकले. एका धड्यावर दोन्ही गट कसे सांभाळायचे?

प्रेषक: अजित

स्नेहा, गोष्ट बदलू नकोस. धडाच अर्धा कर. मागच्यांना पहिल्या आठ ओळी पुरेत. पुढच्यांना पुढचा धडा देऊन टाक, म्हणजे ते गुंतून राहतील. माझ्या वर्गात वर्षभर असंच केलं.

प्रेषक: शरदकाका

स्नेहा, आमची नात कोणत्या गटात आहे? ती शाळेत हिंदी शिकलेली आहे, 'मंडई' घडाघडा वाचते. पण वाचून झाल्यावर "टोपली म्हणजे काय गं?" विचारलं तर गप्प. 'केळं' हे 'केळम्' वाचते. 'चमचा'तला च 'चहा'तल्यासारखा म्हणते. तिला हुशार गटात बसवून तिचं नुकसान होतंय असं आम्हा दोघांना वाटतं. कृपया बघावं.

प्रेषक: मेधाताई

स्नेहा,

शरदरावांनी नातीचं विचारलं, पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांच्या शाळेत मी एका खोलीत दोन इयत्ता सांभाळल्या आहेत. तिथे एक गोष्ट लवकर कळली. 'मागे पडलेलं मूल' असा एक प्रकार नसतो.

आधी हे करून बघ. मुलाला एकेकटं जवळ बसव. चित्र हातानं झाक, नाहीतर मुलं चित्रावरून अंदाज करतात आणि वाचल्यासारखं वाटतं. धड्यातले पहिले 50 शब्द वाचायला लाव आणि अडेल तिथे बारीक खूण कर. पाचाच्या वर खुणा झाल्या तर अर्थ लागायच्या आधीच मूल दमतं. मग तोच परिच्छेद तू वाचून दाखव आणि विचार, "आजीनं काय घेतलं नाही?" उत्तर आलं, तर कानाला मराठी येतं, डोळ्याला येत नाही, तिथे काम अक्षरांचं. उलट एकही खूण नाही आणि उत्तरही नाही, तर ते नातीसारखं मूल. तिथे काम शब्दांचं. तुझा दहा वर्षांचा मुलगा बहुतेक पहिल्या प्रकारातला. घरी तो मंडईपेक्षा अवघड गोष्टी ऐकून समजतो, मग चेंडूची गोष्ट त्याला बाळबोध वाटणारच.

म्हणून धडा सगळ्यांना तूच मोठ्यानं वाचून दाखव, पहिली दहा मिनिटं. गोष्ट सगळ्यांची एक. कमी-जास्त करायचं ते पुढच्या कामात. अजितचं ओळी कमी करणं बरोबर आहे, पण पुढचा धडा दिलास तर ती चार मुलं वर्गातून निघूनच गेल्यासारखी होतात. शेवटी कोणी कोणाशी काही बोलूच शकत नाही.

तुझ्या धड्यात एक शब्द आहे, 'भाजीवाल्यांच्या'. दोन्ही गटांना तोच दे. अक्षरांच्या गटासाठी फळ्यावर तुकडे पाडून लिही: भाजी-वाल्यां-च्या. प्रत्येकानं तुकडा-तुकडा वाचायचा, मग जोडून, मग तुकड्यांच्या रेघा पुसून. शेवटी विचार, "यात कोणता माणूस लपलाय?" मूल 'भाजीवाला' म्हणालं की त्याच्या लक्षात येतं, लांब शब्दाच्या पोटात ओळखीचा शब्द असतो. पुढे 'टोपल्यांत', 'पिशवीत', 'वांग्याची' हे तीनच शब्द. एका तासाला चार शब्द पुरेत.

पुढच्या चौघांना तुकडे द्यायचे नाहीत. त्यांना विचार, 'भाजीवाला'चं 'भाजीवाल्या' का झालं? आंबा, पंखा, घोडा यांना 'ला' लावून बघू द्या: आंब्याला, पंख्याला, घोड्याला. नियम त्यांचा तेच काढतील. मग 'मामा' दे. माम्याला नाही, मामाला! इथे भांडण सुरू होईल. होऊ दे. मग 'पैसा' दे, तिथे पैशाला. जास्त प्रश्न म्हणजे अवघड काम नव्हे. मुलं कुठेच अडली नाहीत, वादही झाला नाही, तर समज की नुसतं काम वाढवलंस.

एक गट तुझ्याजवळ, दुसरा वहीत. बारा-बारा मिनिटांनी अदलाबदल.

प्रेषक: अजित

मेधाताई, पटलं. पुढच्या धड्याचं माझं चुकलंच. पण वर्षअखेरीला सगळ्यांना एकच पेपर असतो. मागच्यांनी वर्षभर तुकडे करून वाचलं, तर सलग उतारा आला की ती गडबडणार नाहीत का? की पेपरच दोन काढायचे? मग पालकांना काय सांगायचं?

प्रेषक: मेधाताई

अजित, तुकडे त्याच तासाला पुसायचे, म्हणजे शेवटी मूल सलगच वाचतं. दोन पेपरचं मात्र मला इथल्या पालकांची कल्पना नाही. समितीत बोला.

प्रेषक: स्नेहा

मंडळी,

काल करून बघितलं. 50 शब्द घ्यायला एका मुलाला तीन-चार मिनिटं लागली, म्हणून पहिल्या तासाला फक्त नऊच मुलं झाली, मधली चार राहिली. त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. काल ती वहीत चित्राखाली नावं लिहीत होती.

शरदकाका, नातीला एकही खूण नाही, पण मी वाचल्यावर तिनं आजीचं उत्तर दिलं नाही. तिला आता कोणत्याच गटात पक्कं बसवत नाही. वाचनाला पुढच्यांबरोबर, आणि टोपली, जुडी, वजनकाटा असे शब्द हातात धरून शिकायला वेगळी दहा मिनिटं. खरी टोपली मिळाली तर आणाल का?

दहा वर्षांचा तो मुलगा 'भाजीवाल्यांच्या' तिसऱ्या वेळी सलग वाचून गेला. मग स्वतःच पानावर बोट फिरवत 'वांग्याची' शोधली आणि म्हणाला, "यात वांगं लपलंय." या वेळी त्यानं पान मिटलं नाही.

पुढच्या चौघांचं पंधरा मिनिटांत 'आंबा' संपलं, 'मामा'वर थोडा वेळ गेला, आणि 'दादा', 'काका'ही तसेच म्हणून त्यांनी स्वतःच रकाना पाडला: घरातली माणसं बदलत नाहीत. मग 'पैसा' आला. 'पैशाला' म्हटल्यावर एकीनं लगेच 'मासा-माशाला', 'ससा-सशाला' लिहिलं आणि नियम मांडला, शेवटी 'सा' असेल तर 'शा'. तेवढ्यात दुसरी म्हणाली, माझी आई 'रस्स्यात बुडवून खा' म्हणते. तिसरा म्हणाला, आमच्याकडे 'रश्शात'. वर्ग संपला तरी दोघं भांडत होते आणि पुढच्या रविवारी दोघांना उत्तर हवंय.

मेधाताई, तुमच्याकडे काय म्हणतात?