फोनने एसी-टीव्ही चालवलाय का? अनुभव लिहा

नेरूळची_मी
काल कपाट आवरताना जुना रेडमी सापडला आणि 2019 चा मे महिना आठवला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ते नुकतेच घरी आले होते, नेरूळचा तो उकाडा, आणि एसीचा रिमोट पडला बादलीत. त्या फोनच्या वरच्या कडेला काळी टिकली होती, रिमोटसारखी. अ‍ॅपमध्ये एसीची कंपनी निवडली. ते एकेक कोड पाठवून विचारतं, एसी चालू झाला का? पहिल्यालाच 'टुक' वाजलं, मी लगेच 'हो' केलं. पण तापमान वाढवायला गेले तर एसीवर 18 तसेच. परत पहिल्यापासून. तिसऱ्या कोडला तापमान बदललं, झडप हलेना. पाचव्याला सगळं जमलं. बाबा झोपले तेव्हा मला रडूच आलं.

नंतर दुकानातून नवा रिमोट आणला आणि गंमत झाली. रात्री आईने रिमोटवर 27 केलं. मी बाहेरून येऊन फोनवर फक्त पंखा मंद केला. पहाटे बाबा कुडकुडत उठले, एसीवर 22! मी तापमानाला हातही लावला नव्हता. हे का झालं ते मला आजही नीट कळलेलं नाही. तुमचे अनुभव लिहा.

घोडबंदर_पक्या
ताई, रिमोट अ‍ॅप कुठल्याही फोनवर चालतं. वायफाय एकच हवं बस. आमचा टीव्ही मी तसाच चालवतो.

ऐरोली_सर्किट
पक्या, स्मार्ट टीव्हीपुरतं खरं आहे तुझं. साध्या एसीला वायफायच नसतं, त्याला ती टिकलीच लागते. आयफोनमध्ये ती नाहीच.
ताई, तुमच्या पहाटेचं कारण सांगतो. टीव्हीचा रिमोट दाबलेल्या बटणापुरतं बोलतो, आवाज एक पायरी वाढव, संपलं. एसीचा रिमोट बहुतेक वेळा दर बटणाला अख्खी चिठ्ठी पाठवतो: चालू, कूल, 22, पंखा मंद, झडप हलती. रिमोटवर दिसणारा आकडा एसीने कळवलेला नसतो, रिमोटनेच लक्षात ठेवलेला असतो. आईंनी केलेले 27 तुमच्या फोनला कसे कळणार? त्याच्याकडे जुने 22 होते, पंख्याबरोबर तेही गेले.

नेरूळची_मी
अरे देवा! इतकी वर्षं मी एसीलाच दोष देत होते. मग करायचं काय?

ऐरोली_सर्किट
एक तर दोघांपैकी एकच वापरायचा. नाहीतर फोनवर आधी एसीवरचा आकडा जुळवायचा, मधे दोन-चार टुक वाजतील, वाजू देत. मग पंखा.

वाशीची_सुलभाकाकू
आमच्याकडे फोनवरून बंद करायला दोनदा दाबावं लागतं. भाजी फोडणीला टाकलीय, नंतर वाचते.

ऐरोली_सर्किट
काकू, तेच कारण. एसी रिमोटने चालू केलात की अ‍ॅपच्या लेखी तो बंदच असतो. पहिल्यांदा दाबलं की ते 'चालू' पाठवतं, दुसऱ्यांदा 'बंद'.

कळवा_नाका
सेटटॉप बॉक्सचं कुणी सांगेल का? रिचार्ज करूनही चॅनल दिसत नाहीत.

घोडबंदर_पक्या
@कळवा_नाका केबलवाल्याला फोन करा दादा, ते रिमोटचं काम नाही.
सर्किट, बरोबर आहे तुझं, बेडरूमच्या एसीला माझ्या फोनने काहीच होत नाही. आणि टीव्ही बटणाने पूर्ण बंद असला की अ‍ॅपला तोही सापडत नाही.

खारघर_रात्रपाळी
माझ्या फोनला टिकली आहे तरी एसी ऐकत नव्हता. आठवडाभर कोड बदलत बसलो. शेवटी बायकोच्या फोनचा पुढचा कॅमेरा लावून बघितलं, बटण दाबलं की टिकलीत जांभळट उजेड लुकलुकायला हवा. काहीच दिसेना. नवं कव्हर काढलं आणि दिसला! कव्हरला त्या जागी भोकच नव्हतं.

वाशीची_सुलभाकाकू
आले. दोनदा दाबण्याचं आत्ता कळलं हो, धन्यवाद. आमचे हे हॉलमधून बेडरूमच्या एसीवर फोन रोखतात, भिंतीतून जातं का ते?

खारघर_रात्रपाळी
नाही काकू, समोरून धरायला सांगा. आणि रिमोटपेक्षा थोडं जवळून.

नेरूळची_मी
सर्किट, एक राहिलं. पाचव्या कोडला सगळं चालायचं, पण लाइट जाऊन आली की झडप उघडीच राहायची, फोनने हलायची नाही. रिमोटने हलायची.

ऐरोली_सर्किट
हे मात्र नाही सांगता येणार. काही एसींमध्ये झडपेची चिठ्ठी वेगळी असते, तसं असेल का? मॉडेल नंबर आहे का तुमच्याकडे?

नेरूळची_मी
एसी गेला भंगारात. फोन चार्जिंगला लावलाय, अ‍ॅपमध्ये नोंद असेल तर बघते.

कळवा_नाका
केबलवाला उचलत नाही.