सातबारावरचा ‘ए.कु.मॅ.’ नक्की कोण?

अनुजा: घरच्या जुन्या कागदांची यादी करतेय. सातबारावर थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय. एका फेरफारात तेच काका ‘ए.कु.पु.’ आहेत आणि १९९८ च्या खरेदीखतात त्यांनी ‘एकत्र कुटुंबाचा कर्ता’ म्हणून सही केलीय. ही तीन वेगळी पदं आहेत का? आणि कायद्याच्या मराठीत ‘सहदायाद’ म्हणतात त्याला साधा शब्द काय?

श्रीधर: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, पुढारी, कर्ता, तिन्ही एकच. तलाठ्याने जो शब्द वापरला तो. पण मॅनेजर म्हणजे व्यवस्था बघणारा, मालक नव्हे. त्यामुळे बाकीच्यांच्या सह्या नसतील तर ते खरेदीखत कचऱ्यात. सहदायादाला आपला जुना शब्द आहेच की, भाऊबंद.

तात्या वकील: श्रीधरराव, पहिलं वाक्य बरोबर, पुढची दोन्ही अर्धी. कर्ता सगळ्यांची जमीन विकू शकतो, बाकीच्यांच्या सह्या न घेता, घरातल्या अज्ञान मुलांच्या हिश्श्यासकट. अट एकच, विक्री कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा मिळकतीच्या फायद्यासाठी हवी. देणं फेडायचंय, लग्न आहे, आजारपण आहे, सरकारी सारा थकलाय, असं काहीतरी. गरज नसताना विकलं तरी खत आपोआप रद्द होत नाही. कुणीतरी कोर्टात जाऊन आव्हान देईपर्यंत ते उभं राहतं. लोक विक्रीच्या आधीच मनाईहुकूम मागायला धावतात. सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच सांगितलंय की कर्त्याला असं आधी अडवता येत नाही, विक्री झाल्यावर दाद मागा.

आणि भाऊबंद हा शब्द इथे फार सैल पडतो. चार पिढ्यांपूर्वी वाटून वेगळे झालेलेही भाऊबंदच. सहदायाद म्हणजे ज्याला जन्मानेच हिस्सा आहे आणि जो उठून ‘माझं वाटून द्या’ म्हणू शकतो तो. आई एकत्र कुटुंबात आहे, पण सहदायाद नाही. बापलेकांत वाटप झालं तर तिला हिस्सा मिळतो, वाटप मागता मात्र येत नाही.

नीलेश: कर्त्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्या बाबांनी आयकरासाठी एचयूएफचं, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाचं, वेगळं पॅन काढलंय, त्यात एक फ्लॅट आहे. बाबांच्या पश्चात आई कर्ता होऊन तो विकू शकेल ना?

तात्या वकील: नाही. विधवा सहदायाद नसल्यामुळे कर्ता होत नाही, हे १९६५ पासून ठरलेलं आहे. तुमची बहीण होऊ शकेल. मुलगी वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून सहदायाद आहे आणि थोरली मुलगी कर्ता होऊ शकते असा दिल्ली हायकोर्टाचा २०१५ चा निकाल आहे. पण तुमचा प्रश्न वेगळा मांडा, इथे सातबारा चाललाय.

पर्वरीकर: आमच्या गोव्यात हा घोळच नाही हो. नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही लागतेच. माझ्या मामाचं एक घर मामीने सही दिली नाही म्हणून अजून तसंच पडून आहे.

अनुजा: खरेदीखतातला मजकूर देते. ‘सोसायटीचे कर्ज भागविणेसाठी व धाकटे बहिणीचे लग्नासाठी, स्वतःकरिता व कुटुंबातील अज्ञान इसमांकरिता ए.कु.क. या नात्याने’. किंमत १,२०,०००. काकांच्या वहीत सोसायटीला ४५,००० आणि लग्नाला ५०,००० असं टिपलंय. उरलेल्या २५,००० चा पत्ता नाही. तेव्हा माझा चुलतभाऊ नऊ वर्षांचा होता. तो आता म्हणतोय, मला फसवलं.

श्रीधर: बघा, २५,००० गायब! आणि ‘कर्ज व लग्न’ हे वाक्य मी ज्या ज्या खरेदीखतात पाहिलंय त्या सगळ्यांत आहे. लेखनिकाला पाठच असतं ते.

तात्या वकील: म्हणूनच कोर्ट नुसत्या त्या वाक्यावर भागवत नाही. गरज होती, किंवा आपण नीट चौकशी केली होती, हे शाबीत करण्याचा भार जमीन विकत घेणाऱ्यावर असतो. मात्र १८५६ पासूनचा नियम असा की, चौकशी करून पैसे दिल्यावर ते पुढे कुठे गेले हे बघत बसायची जबाबदारी घेणाऱ्याची नाही. १,२०,००० पैकी ९५,००० चा हिशेब लागतोय आणि भाव त्या काळाला धरून असेल, तर उरलेल्या २५,००० साठी सहसा खत मोडत नाहीत. याच्या उलट, गरज २०,००० ची आणि विकली सगळी जमीन, असं असतं तर प्रश्न होता.

अनुजाताई, तुम्ही १९९७ आणि १९९९ चे सातबारा शेजारीशेजारी ठेवा. इतर हक्काच्या रकान्यात आधी सोसायटीचा बोजा दिसतो का? नंतरच्या उताऱ्यावर तो कमी झालाय का, कोणत्या फेरफाराने, कोणत्या तारखेला? बोजा खरेदीनंतर महिन्या-दोन महिन्यांत उतरला असेल तर ते कर्ज खरं होतं. लग्नपत्रिका असेल तर तीही काढा. लग्न विक्रीच्या तीन वर्षं आधी झालेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. गरज शाबीत नाहीच झाली, तरी आपल्याकडे विकणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा घेणाऱ्याकडे जातो. उत्तर प्रदेशाकडे तेवढंही होत नाही.

श्रीधर: आणि त्या बहिणीची सही? २००५ चा कायदा मागेही लागू होतो म्हणतात ना?

तात्या वकील: २० डिसेंबर २००४ च्या आधीच्या विक्रीला नाही. पण महाराष्ट्राने आपली दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. २२ जून १९९४ ला जी अविवाहित होती ती सहदायाद झाली. म्हणजे १९९८ मध्ये लग्न झालेली ही बहीण विक्रीच्या दिवशी सहदायाद होती, आणि जमीन तिच्याच लग्नासाठी विकली. कर्त्याच्या विक्रीला तिची सही लागत नाही, तिने आता तक्रार केली तर काय होईल ते तुम्हीच ताडा.

माझी खरी शंका निराळी आहे. ‘ए.कु.मॅ.’ हा महसुली शेरा. आजोबा गेले की वारस नोंदीत थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचं आणि पुढे ए.कु.मॅ. लिहायचं, ही पद्धतच होती. त्या शेऱ्याने कुणी कायद्यातला कर्ता होत नाही. आजोबा कधी गेले आणि जमीन त्यांची स्वतःची होती की वडिलोपार्जित?

अनुजा: १९७१ ला गेले. जमीन त्यांनी मिळवली असं घरात म्हणतात.

तात्या वकील: मग सगळंच फिरतं. स्वकष्टाची जमीन १९५६ च्या वारसा कायद्यानंतर वारसांना एकेकट्याची म्हणून मिळते, मुलगे, मुली, आजी, सगळ्यांना सारखी. ते सहहिस्सेदार, सहदायाद नव्हेत. तिथे काका कर्ता नाहीतच, त्यामुळे गरज होती की नव्हती हा प्रश्नच उरत नाही. त्यांनी स्वतःपुरतंच विकलं. आणि तुमच्या चुलतभावाला बाप हयात असताना त्यात जन्माने हिस्सा नाही, म्हणजे ‘फसवलं’ म्हणायचा हक्क त्याचा नाही, त्याच्या आत्यांचा आणि इतर काकांचा.

अनुजा: पण एका फेरफारात ‘३२म’ असंही दिसतंय.

तात्या वकील: हे आधी सांगायचं! म्हणजे कूळ म्हणून खरेदी. आता बघावं लागेल की कूळ आजोबा एकटे होते की पणजोबांपासूनची वहिवाट होती. वहिवाट घराची असेल तर नाव एकाचं असूनही जमीन कुटुंबाची, असा वाद करता येतो, आणि दोन्ही बाजूंनी निकाल सापडतात. शिवाय कूळकायद्याच्या कलम ४३ ची परवानगी न घेता १९९८ ला विकलंय का, ते पाहा. त्या उताऱ्याचा फोटो टाका, नावं झाकून.

श्रीधर: मी यादीत ‘पुढारी’ असंच लिहीन.