मदत हवी आहे: एलियस टेबल बांधताना शेवटी उरणारे खाने

वॉकरच्या एलियस पद्धतीने हजारो पर्यायांतून भारित निवड करायची आहे. टेबल बांधताना प्रत्येक संभाव्यतेला `n` ने गुणतो आणि 1 पेक्षा कमी असलेल्यांची तूट जास्त असलेल्यांतून भरतो. उदाहरणार्थ 0.5, 0.3, 0.2 चे होतात 1.5, 0.9, 0.6. पहिल्यातून तिसऱ्याला 0.4 आणि दुसऱ्याला 0.1 दिले की पहिल्याकडे नेमका 1 उरतो. इथे सगळं जुळतं.

हजारो वजनांवर मात्र कधीकधी मोठ्यांची यादी आधी संपते आणि लहानांत 0.9999999998 सारखा खाना बिनएलियसचा राहतो. वजनं `double` मध्ये आहेत, बेरीज तपासली आहे, ती नंतर बदलत नाहीत. अशा खान्याला 1 देऊन टेबलावरून मूळ संभाव्यता परत काढल्या, फरक नगण्य आला.

हे 1 देणं नेहमीच सुरक्षित आहे का? आणि उरलेला आकडा 1 पासून किती दूर असला, तर राउंडिंगऐवजी बांधणीतच चूक आहे असं समजावं?