डिप्रेशनसाठी मेडिकल सर्टिफिकेटचा मजकूर हवा आहे (तातडीचं)

सायली_क: भावाला डिप्रेशन आहे. डॉक्टरांनी "उपचार चालू, विश्रांतीचा सल्ला" एवढंच लिहून दिलं, कॉलेजने ते परत केलं. हजेरीत सूट हवी आणि परीक्षा पुढे ढकलायची आहे. नेमका मजकूर द्या, लवकर.

निशिगंध: डॉक्टर कोणते? हजेरी किती? उपचार कधीपासून?

सायली_क: इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष. हजेरी ५८ टक्के, ७५ लागते. जुलैपासूनच वर्ग बुडायला लागले. तेव्हा काउन्सेलर होते, ३ ऑगस्टपासून सायकिअ‍ॅट्रिस्ट. परीक्षा २० नोव्हेंबरला.

अण्णा_६२: फॅमिली डॉक्टरकडून जुलैपासूनचं टायफॉइडचं लिहून घ्या. डिप्रेशनचा शिक्का एकदा बसला की पुसत नाही.

निशिगंध: अण्णा, असं करू नका. सायकिअ‍ॅट्रिस्टचं लेटरहेड कॉलेजने आधीच पाहिलंय. आता टायफॉइड आला तर खरा आजारही खोटा ठरेल, आणि डॉक्टरचं रजिस्ट्रेशन धोक्यात येईल ते वेगळंच.

सायली, "विश्रांती" कधीपासून कधीपर्यंत हे पत्रात नव्हतं, म्हणून ते परत आलं असणार. पत्रावर आजचीच तारीख हवी, मागची नाही. डॉक्टरांना पटत असेल तर मजकूर साधारण असा: "पहिली तपासणी ३ ऑगस्ट. रुग्ण व कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार लक्षणे जुलैच्या सुरुवातीपासून. या काळात झोप व एकाग्रता बिघडल्याने वर्गात नियमित बसणे शक्य नव्हते. सध्या २० नोव्हेंबरची परीक्षा देण्याच्या स्थितीत नाहीत. फेरतपासणी १५ डिसेंबर." खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर आणि भावाचीही सही. काउन्सेलरच्या भेटींच्या तारखा सोबत जोडा. नुसतं त्यांचं पत्र बहुधा चालत नाही, ते रजिस्टर्ड डॉक्टर नसतात.

मेघना_जो: अपंगत्व प्रमाणपत्र काढा ना, ४० टक्क्यांचं. माझ्या भाच्याला पेपरला जादा वेळ मिळाला.

निशिगंध: मेघनाताई, ते जादा वेळेसाठी. इथे प्रश्न टर्मचा आहे, आणि ते प्रमाणपत्र २० तारखेच्या आत हाती येणं कठीण.

वकील_मृ: पण निदानाचं नाव कॉलेजला द्यायचंच कशाला? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिलाय.

निशिगंध: हक्क आहेच. पण नुसतं "वैद्यकीय कारण" लिहिलं तर हजेरी समिती पुन्हा विचारणार. निदान बंद पाकिटात थेट प्राचार्यांना द्या, विभागाच्या फाइलला लावू नका.

वकील_मृ: पाकीट उघडल्यावर ते कुठे फिरतं, हे कोण बघतं? भावाची लेखी संमती तरी घ्या, तो सज्ञान आहे.

निशिगंध: संमतीचं मान्य. सायली, अर्ज दोन करा, आधी हजेरीचा. टर्म ग्रँट झाली तर हुकलेले पेपर बहुतेक विद्यापीठांत पुढच्या सत्रात देता येतात. टर्मच गेली तर अख्खं सेमिस्टर पुन्हा. दोन्ही अर्जांच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या.

सायली_क: एचओडी म्हणतात डिफॉल्टर लिस्ट सोमवारी लागणार, आता अर्ज घेणार नाही. डॉक्टर मंगळवारी भेटतील.

निशिगंध: थांबू नका. जुनं पत्र जोडून उद्याच प्राचार्यांच्या आवक विभागात हजेरीचा अर्ज द्या, "सविस्तर प्रमाणपत्र मंगळवारी सादर करतो" असं त्यात लिहा. सही भावाचीच हवी. ५८ टक्क्यांत प्रॅक्टिकल धरलेत का? त्याची हजेरी वेगळी मोजतात.

सायली_क: ते बघितलंच नाही. विचारते.